जन्मतारखेवरून जन्मवार

जन्मतारीख सगळ्यांना पाठ असते, जन्मवार मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. घरातल्या थोरल्यांना विचारले तर ‘गुरुवार असावा बहुतेक’ इतपतच उत्तर मिळते. खरे तर तारीख, महिना आणि वर्ष हे तीन आकडे हाती असले की वार ठरलेलाच असतो. जुने कॅलेंडर न शोधता, कागदही न घेता, तो मनातल्या मनात काढता येतो. त्यासाठी पाढे पाठ असण्याचीही फारशी गरज नाही. बारापर्यंत भाग लावता आला आणि सातच्या पुढे गेले की सात वजा करता आले, की पुरते.

अशा रीती बऱ्याच आहेत. ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’चा लेखक लुईस कॅरल हा ऑक्सफर्डमध्ये गणित शिकवत असे. त्याने १८८७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आपली रीत छापली आणि आपल्याला एका तारखेला साधारण वीस सेकंद लागतात, असेही लिहिले. भारतात शकुंतला देवींनी रंगमंचावरून प्रेक्षकांचे जन्मवार सांगून लोकांना थक्क केले. बहुतेक जुन्या रीतींमध्ये बारा महिन्यांचे बारा संकेतांक पाठ करावे लागतात. ते आठवडाभर लक्षात राहतात आणि मग गळतात, कारण त्या आकड्यांना अर्थ असा काही नसतो. इंग्रज गणिती जॉन कॉनवे याने १९७३ साली बसवलेली रीत या बाबतीत सरस आहे. तिच्यात संकेतांकांच्या जागी खऱ्याखुऱ्या तारखा येतात, आणि त्यांतल्या बऱ्याचशा मराठी वाचकाच्या आधीच ओळखीच्या असतात.

रीतीचा पाया एका साध्या गोष्टीवर उभा आहे. कोणत्याही वर्षात काही ठरावीक तारखा एकाच वारी येतात. उदाहरणार्थ ४ एप्रिल, ६ जून, ८ ऑगस्ट, १० ऑक्टोबर आणि १२ डिसेंबर. २०२४ साली या पाचही तारखांना गुरुवार होता, २०२५ साली पाचही तारखांना शुक्रवार. कारण शोधायला लांब जावे लागत नाही. ४ एप्रिल ते ६ जून यांत एप्रिलचे तीस आणि मेचे एकतीस मिळून एकसष्ट दिवस, आणि चारावरून सहावर जाताना आणखी दोन, असे त्रेसष्ट दिवस पडतात. त्रेसष्ट म्हणजे बरोबर नऊ आठवडे. पुढच्या प्रत्येक जोडीतही एक महिना तिसाचा आणि एक एकतिसाचा असल्यामुळे अंतर तेच राहते. महिन्याचा आणि तारखेचा आकडा एकच असल्याने ही पंचकडी एकदा वाचली की डोक्यात राहते.

ज्या वारी या तारखा येतात त्याला त्या ‘वर्षाचा वार’ म्हणू आणि त्या तारखांना ‘खुणेच्या तारखा’. (कॉनवेने गमतीने या वाराला ‘डूम्सडे’, म्हणजे प्रलयाचा दिवस, असे नाव दिले होते. रीतीला जगभर तेच नाव चिकटले आहे.) आता काम दोनच भागांचे उरते. जन्मवर्षाचा वार काढायचा, आणि जन्ममहिन्यातल्या खुणेच्या तारखेपासून जन्मतारखेपर्यंत मोजत जायचे.

दुसरा भाग सोपा असल्याने तो आधी पाहू. सम महिन्यांपैकी पाच वर आलेच. उरलेल्या विषम महिन्यांसाठी कॉनवेने नऊ-पाच आणि सात-अकरा या दोन जोड्या दिल्या: ९ मे आणि ५ सप्टेंबर, ११ जुलै आणि ७ नोव्हेंबर. अमेरिकेत ‘सेव्हन-इलेव्हन’ नावाची दुकाने गल्लोगल्ली असल्यामुळे तिथे या जोड्या लक्षात ठेवायला एक वाक्य प्रचलित आहे. मराठी माणसाला त्या वाक्याचा काही उपयोग नाही, आणि गरजही नाही. ५ सप्टेंबर हा शिक्षक दिन आहे. ११ जुलै हा जागतिक लोकसंख्या दिन. ९ मे ही गोपाळ कृष्ण गोखले यांची जन्मतारीख. ७ नोव्हेंबरच्या बरोबर आठवड्याने १४ नोव्हेंबर, म्हणजे बालदिन येतो, तेव्हा नोव्हेंबरची खूण म्हणून बालदिनच धरावा. ८ ऑगस्टनंतरही तसाच आठवड्याने १५ ऑगस्ट येतो. स्वातंत्र्यदिनाचा वार हाच वर्षाचा वार, एवढे एक वाक्य जरी लक्षात राहिले तरी अर्धी रीत हातात आली. ६ जून तर शिवराज्याभिषेकाची तारीख म्हणून महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे.

मार्चची खूण १४ तारीख. आइन्स्टाइनची जन्मतारीख तीच, आणि ‘पाय’चा दिवसही तोच. उरले जानेवारी आणि फेब्रुवारी. फेब्रुवारीची खूण म्हणजे त्या महिन्याचा शेवटचा दिवस: साध्या वर्षी २८, लीप वर्षी २९. साध्या वर्षाची २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन, मराठी भाषा गौरव दिनाच्या लगेच दुसऱ्या दिवशीचा. जानेवारीत साध्या वर्षी ३ तारीख, म्हणजे सावित्रीबाई फुले यांची जयंती, आणि लीप वर्षी ४ तारीख. या दोनच महिन्यांत लीप वर्षाची भानगड येते, कारण वाढीव दिवस फेब्रुवारीच्या शेवटी पडतो आणि त्याच्या आधीच्या तारखाच काय त्या सरकतात. मार्चपासून पुढे साधे वर्ष असो की लीप, खुणा बदलत नाहीत.

आता वर्षाचा वार. वर्षाचे ३६५ दिवस म्हणजे बावन्न आठवडे आणि वर एक दिवस. म्हणून वर्षाचा वार दर वर्षी एक घर पुढे सरकतो, आणि लीप वर्षात शिरताना दोन घरे. २०२३ साली तो मंगळवार होता. २०२४ लीप वर्ष, म्हणून तो मंगळवारावरून थेट गुरुवारी गेला, आणि २०२५ साली शुक्रवारी. असे एकेक वर्ष मागे मोजत १९५० पर्यंत जाणे शक्य आहे, पण कंटाळवाणे आहे. त्यावरचा तोडगा बाराच्या आकड्यात सापडतो. लागोपाठच्या बारा वर्षांत बारा घरे सरकतात, त्यात तीन लीप वर्षांची तीन घरे मिळवली की पंधरा होतात. पंधरातून दोन आठवडे गेले की उरतो एक. म्हणजे बारा वर्षांनी वर्षाचा वार फक्त एका घराने पुढे जातो.

म्हणून वर्षातले शेवटचे दोन आकडे घ्यायचे आणि तीन गोष्टी काढायच्या. त्यात बारा किती वेळा जातात, बाकी किती उरते, आणि त्या बाकीत चार किती वेळा जातात. तिन्हींची बेरीज करायची आणि शतकाच्या वारात मिळवायची. बाकीत चार मोजायचे ते त्या उरलेल्या वर्षांत किती लीप वर्षे आली हे कळण्यासाठी. शतकाचे वार तेवढे पाठ करावे लागतात. एकोणीसशेपासूनच्या वर्षांसाठी बुधवार आणि दोन हजारपासूनच्या वर्षांसाठी मंगळवार. हयात असलेल्या जवळजवळ सगळ्यांसाठी हे दोनच पुरेत. इतिहासातल्या व्यक्तींसाठी अठराशेचा शुक्रवार आणि सतराशेचा रविवार लक्षात ठेवावा. चारशे वर्षांनी हे चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, म्हणून सोळाशेचा वार दोन हजारचाच, मंगळवार.

वारांना आकडे दिले की बेरीज सोपी जाते. रविवार शून्य, सोमवार एक, मंगळवार दोन, असे करत शनिवार सहा. बेरीज सातच्या वर गेली की सात किंवा सातच्या पटी टाकून द्यायच्या.

पु. ल. देशपांडे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ चा. त्यांचा वार काढू. शेवटचे दोन आकडे १९. त्यात बारा एकदा जातात, बाकी सात, आणि सातात चार एकदा. एक, सात आणि एक मिळून नऊ, त्यातून सात गेले, उरले दोन. एकोणीसशेचा बुधवार म्हणजे तीन. तीन आणि दोन पाच, म्हणजे शुक्रवार. १९१९ या वर्षाचा वार शुक्रवार ठरला. नोव्हेंबरची खूण ७ तारीख, म्हणून ७ नोव्हेंबर १९१९ ला शुक्रवार होता आणि दुसऱ्या दिवशी, ८ तारखेला, शनिवार. पु. लं.चा जन्म शनिवारचा.

उत्तर बरोबर आहे की नाही हे पाहायचा एक मार्गही याच उदाहरणातून दिसतो. १९०१ ते २०९९ या काळात दर अठ्ठावीस वर्षांनी कॅलेंडर जसेच्या तसे परत येते, कारण अठ्ठावीस वर्षांत सात लीप वर्षे पडतात आणि एकूण पस्तीस घरे, म्हणजे नेमके पाच आठवडे सरकतात. १९१९ मध्ये अठ्ठावीस मिळवले की १९४७ येते. १५ ऑगस्ट १९४७ ला शुक्रवार होता हे अनेकांना माहीत असते. तोच त्या वर्षाचा वार, आणि म्हणून तोच १९१९ चाही. दोन्ही वाटांनी उत्तर एकच आले.

जन्मतारीख खुणेच्या तारखेपासून दूर असली तर सात-सातच्या उड्या मारायच्या. सचिन तेंडुलकर २४ एप्रिल १९७३ चा. त्र्याहत्तरमध्ये बारा सहा वेळा जातात, बाकी एक, आणि एकात चार जात नाहीत. सहा आणि एक सात, म्हणजे काहीच मिळवायचे नाही. १९७३ चा वार बुधवारच राहिला. एप्रिलची खूण ४ तारीख, तिथून ११, १८ आणि २५ याही तारखांना बुधवार. २४ तारीख त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे मंगळवार. इथे चारपासून वीस दिवस पुढे मोजत बसण्यापेक्षा पंचवीसवर उडी मारून एक पाऊल मागे येणे सोपे पडते. सरावाने हे आपोआप सुचू लागते. शकुंतला देवींची स्वतःची जन्मतारीख ४ नोव्हेंबर १९२९ अशी आहे. तिच्यावर वाचकाने हात चालवून पाहावा. एकोणतीसमध्ये बारा दोनदा, बाकी पाच, पाचात चार एकदा. उत्तर सोमवार यायला हवे.

लहान मुलांच्या तारखांसाठी शतक तेवढे बदलायचे. बीजिंग ऑलिंपिकचे उद्घाटन ८ ऑगस्ट २००८ रोजी झाले. आठात बारा जात नाहीत, बाकी आठच, आणि आठात चार दोनदा. बेरीज दहा, सात टाकले की तीन. दोन हजारचा मंगळवार म्हणजे दोन. दोन आणि तीन पाच, शुक्रवार. ८ ऑगस्ट ही स्वतःच खुणेची तारीख असल्याने पुढे काही मोजायचेच नाही. त्या वर्षीच्या जुलैत, समजा २० तारखेला, एखादे मूल जन्मले असेल, तर ११ जुलैला शुक्रवार, १८ लाही शुक्रवार, म्हणून २० ला रविवार.

चुका कुठे होतात हे ठरल्यासारखे असते. सर्वांत जास्त चुका लीप वर्षाच्या जानेवारी-फेब्रुवारीत होतात. ज्यांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन पाळला जातो त्या कुसुमाग्रजांचेच उदाहरण घ्यावे. जन्म २७ फेब्रुवारी १९१२. बारात बारा एकदा, बाकी शून्य. बुधवारात एक मिळवला, वर्षाचा वार गुरुवार. आता घाईत २८ फेब्रुवारीला गुरुवार धरला तर २७ ला बुधवार येतो, आणि तो चूक आहे. १९१२ ला चाराने भाग जातो, ते लीप वर्ष आहे, म्हणून खूण २९ तारखेची. २९ ला गुरुवार, २८ ला बुधवार आणि २७ ला मंगळवार. कुसुमाग्रज मंगळवारी जन्मले. मोरारजी देसाई यांची तारीख याच्या उलट, अगदी सरळ आहे. २९ फेब्रुवारी १८९६. शहाण्णवमध्ये बारा बरोबर आठ वेळा, बाकी नाही. आठातून सात गेले, एक. अठराशेचा शुक्रवार, अधिक एक, शनिवार. तारीख खुणेचीच, म्हणून उत्तर शनिवार. सावित्रीबाईंची तारीखही अशीच खुणेवर बसते. ३ जानेवारी १८३१: एकतीसमध्ये बारा दोनदा, बाकी सात, सातात चार एकदा, बेरीज दहा, सात टाकून तीन. शुक्रवारात तीन मिळवले की सोमवार.

शतकाच्या टोकाची वर्षेही फसवतात. १९०० ला चाराने भाग जातो, तरी ते लीप वर्ष नव्हते. शतकपूर्तीच्या वर्षाला चारशेने भाग जायला हवा. म्हणून २००० लीप, पण १८०० आणि १९०० साधी. १९०० च्या जानेवारीत जन्मलेल्या पणजोबांसाठी खूण ३ तारखेची धरावी, २००० च्या जानेवारीतल्या नातवासाठी ४ ची.

दुसरी नेहमीची चूक मोजण्यात होते. खुणेच्या दिवसालाच ‘एक’ म्हणून मोजायला सुरुवात केली की उत्तर एक दिवस पुढे जाते. ९ मे ते १२ मे हे अंतर तीन दिवसांचे आहे, चारचे नाही. बोटांवर मोजण्यापेक्षा बारातून नऊ वजा करणे बरे. तारीख खुणेच्या आधीची असेल तर वजा करायचे, हेही घाईत विसरते. १ मे १९६० या महाराष्ट्राच्या स्थापनेच्या तारखेवर त्याचा सराव करता येतो. साठात बारा पाचदा, बाकी नाही. बुधवारात पाच मिळवले की सोमवार. ९ मेला सोमवार, २ मेलाही सोमवार, म्हणून १ मेला रविवार. उलट, शतक चुकले तर ते चटकन ध्यानात येत नाही. दोन हजारनंतरच्या तारखेला एकोणीसशेचा बुधवार लावला तर उत्तर एकाच दिवसाने पुढे जाते, आणि एका दिवसाची चूक सहज खपून जाते. म्हणून सुरुवातीला शतक मोठ्याने म्हणण्याची सवय चांगली.

रीत बिनचूक असली तरी तिला दिलेली तारीख खरी असेलच असे नाही. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीत १ जून ही जन्मतारीख असलेल्यांची संख्या आश्चर्य वाटावे इतकी मोठी आहे. जूनमध्ये शाळा सुरू होत, मुलाची नेमकी तारीख घरी ठाऊक नसे, आणि गुरुजी वयाच्या अंदाजाने १ जून लिहून मोकळे होत. अशा तारखेचा वार काढता येतो. ६ जूनच्या पाच दिवस आधीची म्हणून वर्षाच्या वारात दोन मिळवले की झाले. पण तो वार दाखल्याचा, माणसाचा नव्हे. रीतीचा खरा उपयोग अशा ठिकाणी उलट दिशेने होतो. आजीला तारीख आठवत नसते, पण ‘गुरुवारचा उपास होता’ हे आठवत असते. दाखल्यावरच्या तारखेला गुरुवार येत नसेल तर दोहोंपैकी एक चुकते आहे, एवढे तरी कळते.

मात्र फरक एकाच दिवसाचा असेल तर चूक कोणाचीच नसण्याचीही शक्यता असते. दाखल्यावरची तारीख मध्यरात्री बदलते. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. पहाटे तीनला जन्मलेल्या मुलाची तारीख नवी लिहिली जाते, पण घरातले लोक आणि पत्रिका आदल्या दिवसाचाच वार धरतात. ८ तारखेच्या पहाटेचा जन्म, हिशेबाने आलेला वार शनिवार आणि पत्रिकेत शुक्रवार, असे दिसले तर जन्मवेळ पाहावी. ती मध्यरात्र आणि सूर्योदय यांच्या मधली असली की दोन्ही नोंदी बरोबर ठरतात.

आणखी एक मर्यादा जुन्या तारखांची आहे. इथे सांगितलेली सगळी आकडेमोड आज चालू असलेल्या ग्रेगोरियन कॅलेंडरची आहे. ते १५८२ साली पोप ग्रेगरी तेराव्याने लागू केले. त्या वर्षी ४ ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर थेट १५ ऑक्टोबरचा शुक्रवार आला. तारखा गाळल्या, वारांचा क्रम मात्र तुटू दिला नाही. कॅथलिक देशांनी ते लवकर स्वीकारले. इंग्लंड १७५२ पर्यंत जुन्या ज्युलियन कॅलेंडरवरच होते, आणि सुरत-मुंबईच्या इंग्रज वखारींच्या नोंदीही त्याच पद्धतीच्या. सतराव्या शतकातल्या मराठ्यांच्या इतिहासाच्या इंग्रजी तारखा आपल्याकडे सामान्यतः ज्युलियनच दिल्या जातात. अशा तारखेला ही रीत तशीच लावली तर वार चुकतो. आधी तिच्यात दहा दिवस मिळवून ती आजच्या कॅलेंडरमध्ये आणावी लागते. १७०० च्या फेब्रुवारीअखेरनंतर अकरा.

शिवाजी महाराजांच्या जन्मतारखेवर हे लख्ख दिसते. राज्य शासनाने मान्य केलेली तारीख १९ फेब्रुवारी १६३०. जेधे शकावलीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद आहे. १६३० चा वार आधी काढू. तिसात बारा दोनदा, बाकी सहा, सहात चार एकदा, बेरीज नऊ, सात टाकून दोन. सोळाशेचा मंगळवार, अधिक दोन, गुरुवार. साधे वर्ष, म्हणून २८ फेब्रुवारीला गुरुवार, २१ लाही गुरुवार, आणि १९ ला मंगळवार. शकावली शुक्रवार म्हणते. तीन दिवसांचा हा फरक शकावली खोटी असल्याचे लक्षण नव्हे. १९ मध्ये दहा मिळवले की २९ होतात. फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा, म्हणून नव्या कॅलेंडरात ती तारीख १ मार्च १६३०. २८ फेब्रुवारीला गुरुवार, दुसऱ्या दिवशी १ मार्चला शुक्रवार. शकावलीतला वार आणि हिशेबाचा वार तंतोतंत जुळले.

राज्याभिषेकाच्या तारखेत वरच्या दोन्ही मर्यादा एकदम भेटतात. ६ जून १६७४ ही तारीखही ज्युलियन आहे. नव्या कॅलेंडरात ती १६ जून. चौऱ्याहत्तरमध्ये बारा सहादा, बाकी दोन, त्यात चार जात नाहीत. आठातून सात गेले, एक. मंगळवार अधिक एक, वर्षाचा वार बुधवार. ६ जूनला बुधवार, १३ लाही बुधवार, म्हणून १६ ला शनिवार. पण शकावली राज्याभिषेकाचा वार शुक्रवार देते, आणि त्याच नोंदीत महाराज सिंहासनावर बसले तेव्हा तीन घटका रात्र उरली होती, असेही सांगते. एक घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे सूर्योदयाला अजून सव्वा तासाच्या आसपास वेळ होता. मध्यरात्र उलटल्याने इंग्रजी तारीख शनिवारची झाली होती, आणि सूर्य उगवायचा असल्याने पंचांगात शुक्रवारच चालू होता.